अध्यापकाचा पुरावासंग्रह : वस्तू, टीप आणि चिंतन

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ साली झाली. नाशिकजवळ गोवर्धन येथे मुख्यालय असलेल्या या विद्यापीठाने सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी दूरशिक्षणाने बी. एड. चा शिक्षणक्रम चालविला आणि त्याबरोबर एक जुनाच प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. अध्यापक महाविद्यालयात छात्राध्यापकाचा पाठ पाहण्यास प्राध्यापक वर्गाच्या मागच्या बाकावर बसू शकतात. परंतु पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील एखाद्या शाळेत जो शिक्षक वर्षभर शिकवीत आहे, त्याचे शिकविणे परीक्षकास प्रत्यक्ष पाहावयास मिळते ते एकदोन पाठांपुरतेच. उरलेल्या सर्व अध्यापनाची साक्ष कागदांना द्यावी लागते. ते कागद ही साक्ष देऊ शकतात काय, आणि कोणत्या अटींवर देऊ शकतात, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ दूरशिक्षणापुरता राहिलेला नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी. एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील अनुभवासाठी वीस आठवडे राखले. एवढ्या काळात छात्राध्यापकाजवळ टाचणे, निरीक्षणपत्रके, कसोट्या, वर्णनात्मक नोंदी, शैक्षणिक साधनांची चित्रे असा कागदांचा मोठा ढीग साचतो. तो ढीग अनुक्रमणिका लावून बांधला की त्याची फाईल होते. इंग्रजीत ज्यास पोर्टफोलिओ म्हणतात, आणि येथे ज्यास पुरावासंग्रह म्हटले आहे, तो मात्र फाईलहून भिन्न आहे. काम झाले एवढेच फाईल सांगते. त्या कामातून अध्यापकास काय येते, हे संग्रहाने सिद्ध करावयाचे असते.

अध्यापकाच्या प्रमाणनासाठी असा संग्रह वापरण्याचा पद्धतशीर विचार प्रथम अमेरिकेत झाला. ली शुलमन यांच्या नेतृत्वाखाली स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८६ मध्ये अध्यापक-मूल्यमापनाचा एक प्रकल्प सुरू झाला आणि १९८७ मध्ये तेथे अनुभवी शिक्षकांना प्रमाणपत्र देणारे राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. शिक्षकाचे ज्ञान केवळ लेखी परीक्षेने कळत नाही, विशिष्ट विषय विशिष्ट मुलांपुढे मांडताना ते प्रकट होते, ही शुलमन यांची भूमिका होती. याच प्रकल्पात काम केलेल्या अँजेलो कॉलिन्स यांनी संग्रहातील पुराव्याचे चार वर्ग पाडले. नित्याच्या कामात आपोआप निर्माण होणारे कागद हा पहिला वर्ग. एरवी मागे खूण न ठेवता जो प्रसंग निघून जातो त्याची छायाचित्राने वा ध्वनिमुद्रणाने घेतलेली प्रतिकृती हा दुसरा. अध्यापकाच्या कामाविषयी अन्य कोणी लिहिलेली साक्ष हा तिसरा, आणि संग्रहासाठी अध्यापकाने मुद्दाम केलेले लेखन, म्हणजे टिपा व चिंतन, हा चौथा.

हे वर्गीकरण हाती घेऊन एखादी नेहमीची फाईल उघडली, तर तिचा तोल कोठे बिघडला आहे हे तत्काळ ध्यानात येते. टाचणे भरपूर असतात आणि निरीक्षकांचे शेरेही पुष्कळ असतात. म्हणजे पहिला व तिसरा वर्ग तुडुंब भरलेला असतो. छायाचित्रे असतात, पण ती बहुधा वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलांची वा टेबलावर मांडलेल्या साधनांची. चौथा वर्ग जवळजवळ रिकामा असतो. शिवाय पहिल्या वर्गातही एक मोठी उणीव असते. टाचण हा अध्यापकाच्या हेतूचा कागद आहे. मुलांनी काय केले हे त्यावरून कळत नाही. मुलांच्या हातचे कागद, विशेषतः चुकलेले कागद, फाईलमधून कटाक्षाने वगळलेले असतात. आणि पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे तेच असतात.

हे कसे, ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील चुका कोणत्याही प्राथमिक वर्गात नित्य आढळणाऱ्या आहेत. समजा, पेठ तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत एक शिक्षिका इयत्ता चौथीच्या सव्वीस मुलांना शिकवीत आहेत. बहुतेक मुलांच्या घरी कोकणा बोलली जाते. तीन अंकी वजाबाकीची उजळणी करण्यापूर्वी त्यांनी मुलांना कागदाच्या चिठ्ठीवर तीन उदाहरणे दिली : ८६५ मधून ४३२, ५८२ मधून ३४७ आणि ४०२ मधून १७८. पहिल्यात कोठेही दशक सुटा करावा लागत नाही, दुसऱ्यात एकदा करावा लागतो, आणि तिसऱ्यात दशकाच्या घरी शून्य आहे. पंधरा मुलांची तिन्ही उत्तरे बरोबर आली. उरलेल्या अकरांचे तिसरे उदाहरण चुकले.

गुणपत्रकात या अकरा मुलांपुढे तीनपैकी एक वा दोन गुण पडतील आणि विषय तेथेच संपेल. चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या की वेगळे चित्र दिसते. सहा मुलांनी ४०२ मधून १७८ वजा करून ३७६ हे उत्तर लिहिले आहे. त्यांनी प्रत्येक घरात लहान अंक मोठ्या अंकातून वजा केला : आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेले सात, चारातून एक गेला तीन. वरचा अंक कोणता आणि खालचा कोणता याचा विचारच नाही. तीन मुलांनी १३४ लिहिले आहे. त्यांनी एककासाठी थेट शतकाच्या घरातून एक आणला, बारातून आठ वजा करून चार लिहिले. पुढे दशकाच्या शून्यासाठी पुन्हा शतकातूनच एक आणला, दहातून सात वजा करून तीन लिहिले. शतकात दोन उरले, त्यातून एक गेला. मधले शून्य त्यांनी ओलांडले. राहिलेल्या दोन मुलांच्या चुकांत कोणतीही संगती नाही.

दुसरे उदाहरण येथे उपयोगी पडते. ३७६ लिहिणाऱ्या सहांपैकी पाच मुलांनी ५८२ मधून ३४७ वजा करूनही २४५ असे लिहिले आहे, म्हणजे तीच चूक तेथेही आहे. सहाव्याने मात्र २३५ हे बरोबर उत्तर लिहिले आहे; त्याला दशक सुटा करता येतो, तो अडला शून्यापाशी. १३४ लिहिणाऱ्या तिघांचेही दुसरे उदाहरण बरोबर आहे. अशा रीतीने अकरा चुकलेल्या मुलांचे निदान चार प्रकारे करावे लागते. एकच उदाहरण दिले असते तर सहावा मुलगा पहिल्या पाचांत मिसळून गेला असता. कसोटीचा कागद पुरावा म्हणून किती बोलेल हे असे आधीच, उदाहरणे निवडताना ठरते.

आता शिक्षिकेने या चिठ्ठ्यांतून संग्रहासाठी तीन निवडल्या : पाचांपैकी एकाची, सहाव्या मुलाची आणि १३४ लिहिणाऱ्या तिघांपैकी एकीची. येथे टिपेचा प्रश्न येतो. पुष्कळ संग्रहांत अशा कागदाखाली 'विद्यार्थ्यांनी सोडविलेल्या वजाबाकीच्या उदाहरणांचा नमुना' असे लिहिलेले असते. हे शीर्षक झाले. कागद पाहणाऱ्यास जे उघड दिसते तेच ते पुन्हा सांगते. टिपेने तीन गोष्टी सांगावयाच्या असतात : कागद कोणत्या प्रसंगी निर्माण झाला, त्यात नेमके कोठे पाहावे, आणि त्यावरून अध्यापकाच्या कोणत्या क्षमतेचा दावा केला जात आहे. तिसऱ्या चिठ्ठीखाली शिक्षिकेची टीप पुढीलप्रमाणे असू शकेल :

'उजळणीपूर्व कसोटी, वेळ पंधरा मिनिटे, मदत दिलेली नाही. मुलगी क्र. १४. तिसऱ्या उदाहरणात शतकाच्या ४ वर दोनदा काट मारलेली पाहावी. दशकाच्या शून्यावर एकही खूण नाही. दुसरे उदाहरण बरोबर असल्याने दशक सुटा करणे तिला येते असे मी धरले. चुकीचे कारण वेगळे असल्यामुळे या गटासाठी निराळा पाठ योजला. त्याचे टाचण पुढे जोडले आहे.'

या टिपेत शिक्षिकेची स्तुती करणारा एकही शब्द नाही. तरीही मुलांच्या चुकीतून कारण शोधणे आणि त्यानुसार पाठ योजणे तिला येते, याचा दावा त्यात आहे, आणि तो दावा पडताळण्याचे साधन, म्हणजे दोनदा मारलेली काट, वाचकाच्या डोळ्यांपुढे आहे. दाव्यापासून वस्तूपर्यंत बोट नेऊन ठेवणे हेच टिपेचे काम. चार ओळींपेक्षा टीप लांबू लागली की बहुधा तिच्यात चिंतन घुसलेले असते, किंवा त्या कागदात दाखविण्यासारखे काही नसते.

पुढील आठवड्यात शिक्षिकेने काड्यांच्या गठ्ठ्यांनी पाठ घेतला. 'उसना घेणे' हा शब्दप्रयोग त्यांनी टाळला, कारण उसने आणलेले परत करावयाचे असते आणि वजाबाकीत काहीच परत केले जात नाही. 'गठ्ठा सुटा करणे' असे त्या म्हणाल्या. पाठानंतर ५०३ मधून २६७ वजा करण्यास सांगितले. ३७६ लिहिणाऱ्या सहांपैकी पाचांनी २३६ हे बरोबर उत्तर दिले, एकाने पुन्हा लहान अंक मोठ्यातून वजा करून ३६४ लिहिले. शून्य ओलांडणाऱ्या तिघांनी मात्र, तिघांनीही, १४६ लिहिले. म्हणजे ज्या गटासाठी निराळा पाठ योजला, नेमक्या त्याच गटावर त्याचा काहीच परिणाम झाला नाही.

सामान्यतः येथेच संग्रह खोटा होऊ लागतो. फसलेला पाठ काढून टाकावा आणि त्याच्या जागी साधलेला पाठ घालावा, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे, आणि गुण देणाराच संग्रह वाचणार असल्याने त्या इच्छेस व्यवहाराचा पाठिंबाही असतो. या शिक्षिकेने तसे केले नाही. पाठ चालू असताना मोबाईलवर काढलेले एक छायाचित्र त्यांनी पुन्हा पाहिले. त्यात क्र. १४ ची मुलगी शतकाचा गठ्ठा सोडीत आहे, आणि गठ्ठ्यातून शंभर सुट्या काड्या जमिनीवर पसरल्या आहेत. दहाच्या गठ्ठ्यांचा तेथे मागमूस नाही. गठ्ठे तयार करताना शिक्षिकेने शंभर काड्या मोजून त्यांस एकच रबर लावले होते. अशा गठ्ठ्यातून शतक थेट एककांतच मोडते. दशक मध्ये येतच नाही. मुलांची जी चूक दुरुस्त करावयाची, तीच चूक साधनाच्या बांधणीत होती.

या शोधावर लिहिलेले चिंतनटिपण फार लांब असण्याचे कारण नाही. ते असे असू शकेल : 'काड्या वापरल्या म्हणजे स्थानिक किंमत समजेल, असे मी गृहीत धरले होते. पाच मुलांच्या बाबतीत ते खरे ठरले, कारण त्यांची अडचण वरच्या अंकातून खालचा वजा करण्याची होती आणि प्रत्यक्ष काड्यांतून उलटी वजाबाकी करताच येत नाही. तिघांची अडचण शतक, दशक, एकक या क्रमाची होती, आणि तो क्रम माझ्या गठ्ठ्यांत नव्हता. आता दहा-दहाचे दहा गठ्ठे एकत्र बांधून शतक केले आहे. या तिघांना शतकाचा गठ्ठा सोडल्यावर प्रथम दशकाच्या घरात काय आले ते लिहावयास सांगेन, मगच एककाकडे जाऊ देईन.'

या टिपणाचे वैशिष्ट्य असे, की ते दुसऱ्या कोणत्याही पाठाखाली चिकटविता येणार नाही. चिंतनपर लेखनाची ही साधी परंतु खात्रीची कसोटी आहे. 'पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला, वेळेचे नियोजन अधिक चांगले करावयास हवे' ही वाक्ये इतिहासाच्या पाठाखालीही शोभतात आणि विज्ञानाच्या पाठाखालीही. म्हणूनच ती कोणाच्याही अध्यापनाचा पुरावा होत नाहीत. खऱ्या चिंतनात अध्यापकाचे एक गृहीतक मोडलेले दिसते, कशाने मोडले तो कागद दाखविता येतो, आणि मोडल्यानंतर काय बदलले तेही दुसऱ्या कागदात दिसते. या तिहींपैकी शेवटची गोष्ट बहुधा राहून जाते. बदल करीन असे लिहिलेले असते, केलेला बदल संग्रहात नसतो.

शिक्षिकेच्या संग्रहात तो आहे. दुसऱ्या टाचणात साधनांच्या रकान्यात 'दहाचे दहा गठ्ठे एकत्र' असे लिहिले आहे, आणि पंधरा दिवसांनी घेतलेल्या तिसऱ्या चिठ्ठीत ७०० मधून ३५८ हे उदाहरण आहे. तिघांपैकी दोघांनी ३४२ लिहिले. क्र. १४ ने २५२ लिहिले, म्हणजे तिने शून्य पुन्हा ओलांडले. एकंदर पुरावा असा : निदानाच्या तीन चिठ्ठ्या, पहिले टाचण, एक छायाचित्र, दुसऱ्या कसोटीच्या दोन चिठ्ठ्या, चिंतनटिपण, दुसरे टाचण, शेवटच्या दोन चिठ्ठ्या, आणि मुख्याध्यापकांनी दुसरा पाठ पाहून लिहिलेले अर्ध्या पानाचे निरीक्षण. ही सारी मिळून पंधरासोळा पाने होतात. वीस आठवड्यांच्या ढिगातून असे तीनचार संच निघाले तर संग्रह पुरेसा होतो. चाळीस टाचणे जोडून तो अधिक बळकट होत नाही.

परीक्षकास असा संग्रह खरा की रचलेला हे कसे ओळखता येते, याचाही विचार आवश्यक आहे, कारण प्रमाणपत्र त्यावर अवलंबून असते. काही खुणा बाह्य आहेत : सर्व टाचणे एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी दिसतात, पाठाची तारीख रविवारची वा दिवाळीच्या सुट्टीतील निघते, निरीक्षकांच्या सर्व सह्या एकाच दिवशीच्या असतात. या खुणा हुशार माणूस टाळू शकतो. आंतरिक खूण टाळणे त्याहून कठीण आहे. रचलेल्या संग्रहात मुले एकतर चुकतच नाहीत, किंवा सर्व एकाच रीतीने चुकतात आणि एका पाठानंतर सर्वच सुधारतात. खऱ्या वर्गात असे घडत नाही. क्र. १४ चे शेवटचे २५२ हे उत्तर म्हणूनच संग्रहाची विश्वसनीयता वाढविते. अर्थात हेही कळल्यावर एखादा चतुर उमेदवार अपयशाचीही रचना करील, आणि करतातही. त्याला उत्तर कागदात नाही, तोंडी परीक्षेत आहे. परीक्षकाने संग्रहातील एक चिठ्ठी उचलून 'हिच्याऐवजी ६०५ मधून २३८ दिले असते तर या मुलीने काय लिहिले असते?' असे विचारावे. ज्याने ती चूक खरोखर न्याहाळली आहे तो क्षणभर हिशेब करून २७७ म्हणेल. ज्याने केवळ उतरवून घेतली आहे तो 'चुकीचे उत्तर लिहिले असते' एवढेच म्हणू शकेल.

या पद्धतीची मर्यादा दुसऱ्या बाजूने अधिक जाचक आहे. संग्रह हा शेवटी लिहिलेला मजकूर आहे, आणि ज्याचे लेखन सफाईदार त्याचे अध्यापनही तसेच भासते. दूरच्या पाड्यावर वीस वर्षे उत्तम शिकविणारा पण चार ओळी लिहिताना अडखळणारा शिक्षक येथे मागे पडतो. टिपा व चिंतन यांचे गुण देताना भाषेच्या सौष्ठवास स्थान देऊ नये, दावा आणि वस्तू यांचा मेळ एवढेच पाहावे, असा निर्बंध घालून हा दोष काही अंशी कमी होतो. चिंतन तोंडी सांगून ते ध्वनिमुद्रित करण्याची मुभा दिल्यास तो आणखी कमी होईल; दूरशिक्षणात ही सोय कठीण नाही. दोन परीक्षकांनी एकच संग्रह स्वतंत्रपणे तपासावा आणि गुणांत मोठे अंतर पडल्यास एकत्र बसून कारण शोधावे, हीही रीत पाळली पाहिजे. येथे खर्चाचा व वेळेचा प्रश्न येतो हे खरे, पण एकट्याच्या वाचनावर दिलेले गुण पुष्कळदा वाचकाच्या अभिरुचीचेच असतात.

एक सावधगिरी मुलांच्या बाजूने घ्यावयाची आहे. चुकलेले कागद संग्रहात येणार, तर ते कोणाचे हे बाहेर कळता कामा नये. नाव झाकून क्रमांक द्यावा, क्रमांकांची यादी संग्रहात न ठेवता शाळेत ठेवावी, आणि छायाचित्रासाठी मुख्याध्यापकांची व पालकांची संमती घ्यावी. उपरोक्त छायाचित्रात मुलीचा चेहरा येण्याची गरजच नाही. हात, सुटलेले रबर आणि जमिनीवरच्या काड्या एवढे दिसले की पुरे. शिक्षिकेने ते तेवढेच कापून लावले आहे, आणि खाली टीप लिहिली आहे : 'गठ्ठा सोडल्यावर काय बाहेर पडले ते पाहावे. दहाचा एकही गठ्ठा नाही. पाठाच्या वेळी हे माझ्या ध्यानात आले नाही.'